फुकटच्या नोंदणीची फी कोण घेते? उद्यम नोंदणीचे खरे संकेतस्थळ कसे ओळखावे

सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि ती विनामूल्य आहे. आधार क्रमांक, पॅन आणि व्यवसायाची स्वतःच दिलेली माहिती एवढ्या आधारावर ती होते, कोणतेही कागदपत्र अपलोड करावे लागत नाही आणि एकदा झालेल्या नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागत नाही. असे असूनही या नोंदणीसाठी इंटरनेटवर पैसे मोजले जातात आणि मोजणाऱ्याला बहुधा असे वाटत असते की, आपण ही रक्कम सरकारलाच फी म्हणून भरली. पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना अशा अनेक सेवांच्या बाबतीत हे घडते; परंतु उद्यम नोंदणीचे उदाहरण समजून घेण्यास विशेष सोयीचे आहे, कारण येथे खरे शुल्क शून्य असल्यामुळे पैसे मागणारे पान सरकारी असूच शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतील एक गृहिणी घरगुती मसाले तयार करून विकते आणि तिला बँकेकडून छोटे कर्ज हवे आहे. बँकेतील अधिकारी तिला उद्यम प्रमाणपत्र आणण्यास सांगतात, मात्र संकेतस्थळाचा पत्ता कागदावर लिहून देत नाहीत. ती घरी येऊन मोबाइलवर ‘उद्यम नोंदणी’ असे शोधते. पडद्यावर सर्वांत वर जे दोन-तीन निकाल दिसतात, त्यांच्या शीर्षकात ‘उद्यम’, ‘पोर्टल’, ‘ऑनलाइन अर्ज’ हे सगळे शब्द असतात. त्यांवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा Sponsored असे लिहिलेले असते. परंतु मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्या शब्दापेक्षा ठळक निळे शीर्षकच आधी नजरेत भरते. पहिल्या निकालावर बोट ठेवले की तिरंगी पट्टी, अशोकस्तंभासारखे चित्र आणि लांबलचक अर्ज असलेले पान उघडते. ती नाव, पत्ता, आधार, पॅन, बँक खात्याचा क्रमांक असे सर्व भरते आणि शेवटी पैसे भरण्याचे पान येते.

खरे संकेतस्थळ सर्वांत वर का नव्हते, हे समजून घेतले पाहिजे. शोधनिकालांच्या वरची जागा लिलावाने विकली जाते. एखादा शब्द कोणी शोधला तर आपली जाहिरात दाखवावी यासाठी जाहिरातदार बोली लावतात आणि जाहिरातीवर बोट पडले की त्यांना त्याचे पैसे मोजावे लागतात. जी सेवा सरकार फुकट देते, तिच्यासाठी प्रत्येक स्पर्शामागे पैसे मोजून जाहिरात करण्याचे मंत्रालयाला काही कारण नसते, त्यामुळे ती जागा खासगी लोकांसाठी मोकळी राहते. आणि त्यांनी तेथे खर्च केलेला पैसा शेवटी अर्जदाराच्याच खिशातून वसूल होणार, हे उघड आहे. सरकारी कागदपत्रांच्या सेवांची जाहिरात सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेनेच करावी, असा गूगलचा स्वतःचा नियम आहे खरा, पण अशा जाहिराती वेगळी नावे आणि वेगळे शब्द घेऊन पुन्हा येत राहतात, म्हणून त्या नियमावर विसंबून राहता येत नाही.

जाहिराती ओलांडून खाली गेल्यावर प्रश्न सुटतो असेही नाही. खरे पोर्टल मुख्यतः अर्ज भरण्यासाठी बांधलेले असते आणि त्यावर वाचण्यासारखा मजकूर मोजकाच असतो. याउलट खासगी पाने ‘प्रमाणपत्र कसे डाउनलोड करावे’, ‘नूतनीकरण कसे करावे’ अशा प्रत्येक संभाव्य प्रश्नावर लांब लेख लिहून ठेवतात. त्यामुळे आपण जितका सविस्तर प्रश्न विचारू, तितके शोधयंत्र आपल्याला खासगी पानाकडे नेण्याची शक्यता वाढते. निकालातील स्थान हा अधिकृततेचा पुरावा नाही, हे जाहिरातींइतकेच त्यांच्याखालच्या निकालांनाही लागू आहे.

आता त्या गृहिणीने पैसे भरल्यानंतर पुढे काय होते ते पाहू. येथे अनेकांचा अंदाज चुकतो. पैसे घेऊन ती मंडळी गायब होतील असे आपल्याला वाटते. तसेही घडते, पण पुष्कळदा त्या पानामागे कोणीतरी माणूस बसलेला असतो, तो तिने दिलेली माहिती खऱ्या पोर्टलवर स्वतः भरतो आणि तिला फोन करून सांगतो, ‘मॅडम, तुमच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला असेल, तो सांगा.’ तिने तो सांगितला की नोंदणी पूर्ण होते आणि तिच्या हातात अस्सल प्रमाणपत्र येते, क्यूआर कोडसकट, आणि बँकही ते स्वीकारते. म्हणजे फसवणूक झाली हे तिला कधीच कळत नाही, उलट ती शेजारणीलाही त्याच पानाचा पत्ता देते. ही पाने वर्षानुवर्षे टिकून राहतात याचे मोठे कारण मला हेच वाटते.

मोबदला घेऊन अर्ज भरून देणे हा मुळात गुन्हा नव्हे. कर सल्लागार पैसे घेऊन आपले विवरणपत्र भरतो, त्यात गैर काही नाही, कारण आपण सल्लागाराला पैसे देत आहोत हे आपल्याला माहीत असते. आक्षेप आहे तो सरकारी कार्यालयाचा वेश घेण्याला. असे पान अगदी तळापर्यंत खाली सरकवले तर बऱ्याचदा एक फिकट रंगातील ओळ सापडते, ज्यात ‘हे खासगी सल्लागाराचे संकेतस्थळ असून त्याचा सरकारशी संबंध नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ती ओळ लिहिलेली असते आणि कोणी वाचू नये अशा जागी ठेवलेली असते. एखाद्या पानाविषयी शंका आली तर आधी तळ पाहावा, कारण कधीकधी ते पान स्वतःच आपली ओळख सांगून मोकळे होते.

नुकसान केवळ पैशांचे नसते. उद्यमच्या अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल विचारलेला असतो आणि पुढे नोंदणीत काही बदल करायचा असेल तर पोर्टलवर प्रवेश करताना ओटीपी त्याच मोबाइलवर किंवा त्याच ईमेलवर येतो. मध्यस्थाने तेथे स्वतःचा क्रमांक आणि ईमेल घातला असेल तर आपल्याच नोंदणीचे दार त्याच्या ताब्यात जाते. शिवाय आधार, पॅन आणि बँक खाते या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला अर्ज एका अनोळखी माणसाकडे राहतो तो वेगळाच.

खऱ्या पोर्टलचा पत्ता असा आहे:

```
https://udyamregistration.gov.in
```

हा पत्ता कसा वाचावा हे एकदा समजले की तीच रीत इतर बहुतेक सेवांना लागू पडते. टपालाच्या पत्त्यात गाव आणि जिल्हा शेवटच्या ओळींत असतात, तसे संकेतस्थळाच्या पत्त्यातही मालकाची ओळख शेवटी असते. म्हणून दोन तिरप्या रेघांनंतर सुरू होणारा भाग घ्यावा, त्यानंतरची पहिली तिरपी रेघ जेथे येईल तेथे थांबावे आणि तेथून उजवीकडून डावीकडे वाचावे. वरच्या पत्त्यात सर्वांत उजवीकडे `in` आहे, त्याच्या आधी `gov` आहे, आणि त्याच्या आधी पोर्टलचे नाव. `.in`, `.co.in`, `.org.in` किंवा `.com` ही अखेर असलेले नाव कोणीही काही रुपये भरून घेऊ शकतो. `.org` पाहून ती सरकारी किंवा निदान सेवाभावी संस्था असावी असा समज होतो, पण त्यालाही आधार नाही. `gov.in` ही अखेर मात्र बाजारात विकत मिळत नाही. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत फक्त सरकारी संस्थांना दिली जाते आणि त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचे पत्र लागते.

नक्कल करणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून ते `gov` हा शब्द पत्त्यात कोठेतरी घुसवतात. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले `example.com` हे नाव वापरून त्यांचे तीन प्रकार दाखवता येतील:

```
https://udyamregistration.gov.in.example.com
https://udyam-gov-in.example.com
https://example.com/udyamregistration.gov.in
```

पहिल्या पत्त्यात `gov.in` आहे, पण ते शेवटी नाही. उजवीकडून वाचले की मालक `example.com` निघतो. दुसऱ्यात टिंबांच्या जागी आडव्या रेघा आहेत, आणि रेघेने जोडलेले शब्द मिळून एकच नाव होते, त्याला सरकारी अखेरीचा दर्जा नसतो. तिसऱ्यात ते नाव पहिल्या तिरप्या रेघेनंतर आले आहे, आणि त्या रेघेनंतरच्या भागात संकेतस्थळाचा मालक वाटेल ते लिहू शकतो. मोबाइलवर पत्त्याची पट्टी अरुंद असते आणि पूर्ण पत्ता दिसत नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या पट्टीवर बोट ठेवून पत्ता पूर्ण उघडावा आणि पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचावा.

पत्त्याच्या शेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाबद्दल एक गैरसमज अजूनही पक्का आहे. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेला माणूस कोण आहे हे ते सांगत नाही. त्यासाठी लागणारे तांत्रिक प्रमाणपत्र आता विनामूल्य मिळते आणि नकली पानांकडेही ते असते. या गैरसमजामुळेच गूगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून त्या जागी साधे सेटिंगचे चिन्ह आणले. अशोकस्तंभ, तिरंगा, मंत्र्यांची छायाचित्रे आणि ‘डिजिटल इंडिया’चे बोधचिन्ह यांचीही गत तीच आहे, कारण ही सर्व चित्रे अर्ध्या मिनिटात उतरवून चिकटवता येतात. राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा कायदा २००५ पासून आहे, पण त्यामुळे नकली पानावर ती दिसणार नाही अशी खात्री मिळत नाही.

पानाच्या दिसण्यापेक्षा त्याच्या वागण्यावरून अधिक कळते. खऱ्या उद्यम पोर्टलवर नवी नोंदणी सुरू करताच सर्वांत आधी आधार क्रमांक आणि आधारवरील नाव विचारले जाते आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर लगेच ओटीपी येतो. तो भरल्याशिवाय पुढचा अर्ज उघडतच नाही. त्यानंतर पॅनची पडताळणी होते आणि मग व्यवसायाचा तपशील येतो. नक्कल करणाऱ्या पानाला आधारची अशी पडताळणी करण्याचा अधिकार नसतो, म्हणून ते उलट्या क्रमाने चालते. आधी एकाच लांब पानावर सगळी माहिती घेते, मग पैसे घेते, आणि ओटीपी सर्वांत शेवटी कोणीतरी फोनवर मागते. हा उलटा क्रम दिसला की पत्ता न वाचताही निर्णय घेता येतो. ‘प्रमाणपत्राची मुदत संपली, नूतनीकरण करा’ असे सांगणारे पान तर त्याहूनही लवकर ओळखता येते, कारण जे नूतनीकरण नियमात अस्तित्वातच नाही, त्याची फी सरकारी पोर्टल मागू शकत नाही.

तथापि सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे शोधनिकालांतून निवड करण्याची वेळच येऊ न देणे. ज्या खात्याचे काम आहे, त्याच्या मुख्य संकेतस्थळावरून सेवेच्या पानापर्यंत जावे. उद्यमच्या बाबतीत मंत्रालयाचे संकेतस्थळ `msme.gov.in` आहे आणि तेथून नोंदणी पोर्टलचा दुवा मिळतो. खात्याचे नावच माहीत नसेल तर `igod.gov.in` ही सरकारी संकेतस्थळांची निर्देशिका उपयोगी पडते, जिच्यात केंद्रीय मंत्रालये आणि राज्ये यांनुसार संकेतस्थळांची यादी आहे. आपल्या उदाहरणातील गृहिणीने तेथे राज्याचे नाही, तर केंद्राचे खाते शोधायचे, सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मंत्रालय निवडायचे आणि तेथून पुढे जायचे. मोबाइलवर अंगठ्याने चार वेळा जास्त दाबावे लागेल, पण या वाटेवर जाहिरातदाराला उभे राहण्यास जागा नसते. एकदा खरे पान सापडले की ते ब्राउझरमध्ये जतन करून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शोधावे लागत नाही.

दुव्यांच्या या साखळीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. सर्व अधिकृत कामे `gov.in` वरच होतात असे नाही, आणि ‘`gov.in` नसेल तर नकली’ हा नियम कडकपणे लावला तर आपण खऱ्या पानालाही नकली ठरवू. पॅनचे अर्ज स्वीकारणाऱ्या प्रोटिअन आणि यूटीआयआयटीएसएल या नेमलेल्या संस्थांची संकेतस्थळे `gov.in` वर नाहीत. रेल्वेचे तिकीट `irctc.co.in` वर निघते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवण्याचे काम राज्याने तीन खासगी कंपन्यांना विभागून दिले, त्यामुळे नोंदणी त्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर होते. अशा ठिकाणी पत्त्याची अखेर काहीच सिद्ध करत नाही. वाहनधारकाने परिवहन विभागाच्या `transport.maharashtra.gov.in` या संकेतस्थळावर जावे, आपले वाहन ज्या कार्यालयात नोंदले आहे ते तेथे निवडावे आणि तेथून जो दुवा उघडेल तोच वापरावा. खासगी पानाला अधिकृतपणा येतो तो सरकारी पानाने त्याच्याकडे बोट दाखवल्यामुळे. त्या पानाने स्वतः ‘आम्ही अधिकृत’ असे म्हणून येत नाही. शुल्काचा ताळाही येथे घ्यावा. या नंबरपाटीचे दर दुचाकीसाठी ४५० रुपये, तीनचाकीसाठी ५०० रुपये आणि चारचाकी व त्यावरील वाहनांसाठी ७४५ रुपये, अधिक वस्तू व सेवा कर, असे ठरले होते. पडद्यावरची रक्कम यापेक्षा फार वेगळी दिसली तर पैसे भरण्यापूर्वी साखळी पुन्हा तपासावी.

उलट बाजूने, `gov.in` असले म्हणजे सारे बिनधोक असेही म्हणता येत नाही. एखाद्या दुर्लक्षित सरकारी संकेतस्थळात कोणी घुसखोरी करून तेथे जुगाराच्या किंवा भलत्याच पानांकडे नेणारे दुवे घालून ठेवतो, असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून सरकारी पानावरून एखाद्या दुव्यावर गेल्यानंतर विषय अचानक बदलला, तर मागे यावे.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत, त्यांनी प्रथम आपली नोंदणी खरी आहे का ते पाहावे. उद्यम पोर्टलवर पडताळणीची सोय आहे आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक, जो महाराष्ट्रात `UDYAM-MH` ने सुरू होतो, तेथे टाकला की नोंद दिसते. नोंद सापडली तर त्याच क्रमांकाने प्रवेश करून पाहावा आणि ओटीपी आपल्याच मोबाइलवर येतो का ते तपासावे. तो आला तर आत जाऊन ईमेलही आपलाच आहे ना, हे बघून घ्यावे. तो आला नाही तर नोंदणीत दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक आहे असे समजावे आणि आधार व पॅन घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जावे, कारण उद्यम नोंदणीसाठी मदत करणे हे त्या केंद्राकडे सोपवलेले काम आहे आणि त्याचे शुल्क नाही.

तक्रार कोठे करावी हे काय घडले त्यावर ठरते. पैसे गेले आणि प्रमाणपत्र आलेच नाही, किंवा ओटीपी सांगितल्यानंतर खात्यातून आणखी रक्कम गेली, तर तो सायबर गुन्हा आहे. त्यासाठी १९३० हा क्रमांक आणि `cybercrime.gov.in` हे संकेतस्थळ आहे. येथे वेळ महत्त्वाचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी कळवले तरच ती गोठवता येण्याची शक्यता राहते, म्हणून बँकेलाही त्याच वेळी सांगावे. प्रमाणपत्र मिळाले पण फुकटच्या सेवेसाठी सरकारी फी म्हणून पैसे घेतले गेले, तर प्रकरण ग्राहक तक्रारीच्या अंगाने जाते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ते मांडता येते. दोन्ही ठिकाणी पानाचा पूर्ण पत्ता, पैसे ज्या नावाने गेले ते नाव, व्यवहार क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे विचारली जातात. ही छायाचित्रे तक्रार करण्याआधीच काढून ठेवावीत, कारण तक्रार येऊ लागली की असे पान बंद होऊन दुसऱ्या पत्त्यावर उघडायला फार वेळ लागत नाही.